पंचवीस हजार, दोघी जणी, सात दिवस : विजापूर–बदामी–हंपी

फेब्रुवारीत आई आणि मी विजापूर, बदामी, हंपी करून आलो. पुण्यातून निघून पुण्यात परत, आणि सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत. हा आकडा आईचा. ती पतसंस्थेत कॅशियर होती, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हिशेबाची खोड गेलेली नाही. माझा हिशेब मोबाईलवरच्या शीटमध्ये, तिचा दोनशे पानी वहीत. निघायच्या आदल्या रात्री दोघींचे आकडे जुळेनात आणि तिथेच मला या प्रवासातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कळली.

तोपर्यंत आगाऊ खर्च झाला होता तो असा: पुणे–सोलापूर रेल्वेचं बसून जायचं तिकीट दोघींचं २८०, हुबळी–पुणे परतीचं थ्री एसी १,९६० (वेटिंग लिस्ट ११ आणि १२) आणि हंपीच्या होमस्टेला १,००० आगाऊ. एकूण ३,२४०. माझी शीट सांगत होती शिल्लक २१,७६०. भागिले सात, म्हणजे दिवसाला तीन हजारांच्या वर. मी खूश.

आईनं वही पुढे केली. "ही हातशिल्लक झाली. देणं कुठंय?"

देणं म्हणजे ठरलेल्या मुक्कामांचे पैसे. विजापूरची एक रात्र १,४००, बदामीच्या तीन रात्री ३,००० आणि हंपीच्या दोन रात्रींच्या ३,६०० मधले उरलेले २,६००. झाले ७,०००. शिवाय २,५०० तिनं वेगळ्या पाकिटात घातले आणि वर 'राखीव' असं लिहिलं. दोन्ही वजा केल्यावर उरले १२,२६०. म्हणजे रिक्षा, जेवण, तिकिटं, पाणी, खरेदी सगळ्याला मिळून दिवसाला साधारण १,७५०. मी तीन हजारांच्या हिशेबानं चालले असते तर बदामीतच पैसे संपले असते, आणि शीटमध्ये शिल्लक मात्र दिसत राहिली असती.

मग मी शीटमध्ये एक रकाना वाढवला. D मध्ये झालेला खर्च, E मध्ये ठरलेलं देणं आणि राखीव. एखादं देणं भागवलं की तो आकडा E मधून पुसायचा आणि D मध्ये लिहायचा.

```
=25000-SUM(D2:D60)-SUM(E2:E10)
```

याला आई 'मोकळी शिल्लक' म्हणायची. खाली रोजच्या शेवटी दोन्ही शिल्लका दिल्या आहेत.

दिवस पहिला, शनिवार : पुणे–सोलापूर–विजापूर

कागदावर हा साडेसहा तासांचा प्रवास. रेल्वेनं सोलापूर चार तास, पुढे बसनं विजापूर अडीच तास. प्रत्यक्षात घरातून साडेआठला निघालो आणि लॉजच्या खोलीत पावणेसहाला पोचलो. मधले तास स्टेशनवर थांबणं, जेवण, स्टँड शोधणं यांत जातात. तेव्हापासून प्रत्येक टप्प्याला वेळापत्रकाच्या वर दीड-दोन तास धरायचे असं ठरवलं.

सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाभाजी खाल्ली. आईनं शेंगा चटणीचं पुडकं घेतलं, दीडशेचं. "पुढं जेवण कसं मिळेल कोण जाणे," असं म्हणून. (पुढे सगळीकडे जेवण उत्तम मिळालं. चटणी पुण्याला परत आली.)

स्टँडवर कर्नाटकची बस लागलेली होती, तीत बसलो. आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. भीमेचा पूल ओलांडला की पुढचं पूर्ण. कर्नाटकच्या बसमध्ये तर आम्हाला सुरुवातीपासूनच पूर्ण, दोघींचे ३००. बजेट करताना मी इथं घोळ घातला होता. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे एवढंच डोक्यात होतं, म्हणून राज्यातल्या सगळ्या बसप्रवासाला शून्य धरलं होतं. ती योजना कर्नाटकच्या रहिवासी बायकांसाठी आहे आणि कंडक्टर तिथल्या पत्त्याचं ओळखपत्र बघतो. पुढे गदगहून निघालेल्या बसमध्ये आमच्या शेजारच्या बाईंना शून्य रुपयांचं छापील तिकीट मिळालं आणि आम्हाला पैशाचं. आई त्या तिकिटाकडे बराच वेळ बघत होती.

दिवसाचा खर्च १,४३०, मुक्काम १,४००. हातशिल्लक १८,९३०. मोकळी १०,८३०.

दिवस दुसरा, रविवार : विजापूर, संध्याकाळी बदामी

अर्ध्या दिवसाची रिक्षा ५०० ला ठरवली: गोल घुमट, मुलुख मैदान तोफ, इब्राहिम रोजा आणि शेवटी स्टेशन. रिक्षा ठरवताना 'शेवटी स्टेशनला सोडायचं, सामान रिक्षातच राहील' हे आधी बोलून घेतलं तर एक फेरी वाचते.

गोल घुमटाला उघडल्या उघडल्या जायचं. मोहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराला झाली. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून सात मजले अरुंद जिने चढून गेलं की घुमटाच्या आतल्या सज्जात पोचतो. भिंतीशी पुटपुटलेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं ते इथं. पण शाळांच्या सहली आल्या की शंभर पोरं एकदम ओरडतात आणि त्या प्रतिध्वनीच्या कल्लोळात काहीच कळत नाही. आई चौथ्या मजल्यावर थांबली. पायऱ्या उंच आहेत आणि धरायला काही नाही. मी वर गेले, सज्जात तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आणि मी. त्यांनी पलीकडून हळूच चुटकी वाजवली, ती माझ्या कानाशी वाजली. परत वाजली. मग आणखी परत, प्रत्येक वेळी जरा पातळ होत.

मुलुख मैदान ही तोफ १५४९ ला अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून इथं आणली. तोंड सिंहाच्या जबड्याचं, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. फेब्रुवारीतल्या उन्हातही धातू गार लागत होता.

घुमट आणि रोज्याचं तिकीट माणशी पंचवीस-पंचवीस. दुपारी जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, आणि ताक.

सोलापूर–विजापूर–बागलकोट–बदामी–गदग ही एकच रेल्वेमार्गाची ओळ आहे. हे नकाशात पाहिलं की सगळी सहल सोपी होते, दिशा बदलावी लागत नाही. दुपारच्या गाडीचं साधं तिकीट दोघींचं १३०, वेळ तीन तास. मात्र बदामी स्टेशन गावापासून पाच किलोमीटरवर आहे आणि अंधार पडल्यावर रिक्षावाले सांगतील तो भाव. आम्ही १५० दिले, रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त.

लॉजवाल्यांनी तिन्ही रात्रींचे ३,००० आधीच मागितले. दिवसाचा एकूण खर्च ४,५९० झाला आणि नुसती हातशिल्लक पाहिली असती तर घाबरायला झालं असतं. पण त्यातले तीन हजार पहिल्या दिवसापासून देण्यात धरलेले होते. मोकळ्यातून गेले फक्त १,५९०.

हातशिल्लक १४,३४०. मोकळी ९,२४०. दिवस उरले पाच.

दिवस तिसरा, सोमवार : बदामी

स्वस्त दिवस. लेण्यांचं तिकीट दोघींचं ५०, बाकी सगळं चालत. चार लेणी, लाल दगडात एकावर एक, खाली अगस्त्य तीर्थाचं हिरवट पाणी. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे, मंगलेशाचा. त्यामुळे या लेण्याचा काळ अंदाजानं सांगावा लागत नाही. आईनं सगळ्या पायऱ्या केल्या, प्रत्येक लेण्याशी दहा मिनिटं बसून. माकडांनी तिच्या पिशवीतली शेंगा चटणी हुंगली आणि सोडून दिली.

दुपारी झोपलो. संध्याकाळी तलावाच्या पलीकडे भूतनाथाच्या देवळापाशी गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो. एवढंच.

खर्च ८००. हातशिल्लक १३,५४०. मोकळी ८,४४०, म्हणजे उरलेल्या चार दिवसांना रोजचे २,११०. असा एखादा चालत करायचा दिवस महागड्या दिवसाच्या आदल्या दिवशी ठेवावा. पुढच्या दिवसाची रिक्षा मग डोळ्यात सलत नाही.

दिवस चौथा, मंगळवार : महाकूट, पट्टदकल, ऐहोळे

दिवसभराची रिक्षा १,८००. तीन ठिकाणं आणि परत, रस्ता सगळा मिळून सत्तर-ऐंशी किलोमीटर. बसनं करता येतं आणि त्यात हजारभर तरी वाचतात, पण बस पकडण्यात अर्धा दिवस जातो आणि आईला उन्हात स्टँडवर उभं करायचं नव्हतं. वाचवायचं कुठं आणि सोडायचं कुठं याचा आमचा नियम साधा होता: जिथं वेळ विकत मिळतो तिथं पैसे द्यायचे, जिथं नुसता रुबाब मिळतो तिथं नाही. एसी खोली म्हणून कुठंच घेतली नाही.

पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीनं बांधवलं, नवरा दुसरा विक्रमादित्य यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं त्याच्या आठवणीसाठी. आई म्हणाली, "नवरा लढून आला आणि देऊळ हिनं बांधलं. हिशेब कुणी ठेवला असेल?"

ऐहोळ्याला दुर्गा मंदिर पाहून मी मेगुती टेकडी चढले. आई खाली रिक्षावाल्या दादांशी कानडी-मराठी मिसळून बोलत बसली. टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रवीकीर्तीचा इसवी सन ६३४ चा लेख आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं स्वामित्व दुसऱ्या पुलकेशीनं मिळवलं असं त्यात म्हटलंय. अक्षरं मला वाचता आली नाहीत, पण त्या ओळींकडे बघत उभी राहिले. आपल्या मुलखाचं नाव एवढ्या लांब, एवढ्या उंचावर कोरलेलं असावं याचं नवल वाटलं.

महाकूटला डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका भाकरी विकतात. दोन-दोन पातळ भाकऱ्या, वांगं, ठेचा, दही. दोघींचे १२०. सगळ्या सहलीतलं सर्वात चांगलं जेवण हेच.

परतताना आईनं बदामीच्या बाजारात थांबवलं. गुळेदगुड्डचे खण. जवळच्याच गावात विणले जातात, आणि आपल्याकडे चोळीला, ओटीत, देवीला हेच लागतात. दुकानदारानं थप्पी उलगडली, हिरवा, वांगी, कुसुंबी. आई काठाच्या आतल्या बाजूला नख घासून बघत होती, सूत किती घट्ट आहे ते. तीन खण घेतले, ७०० ला. बजेटमध्ये 'खरेदी' असा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. आईनं वहीत 'किरकोळ' मध्ये लिहिलं. दोनशे रुपयांच्या वर गेलं की ते किरकोळ नसतं, असं पतसंस्थेत तीच म्हणायची. मी काही बोलले नाही.

खर्च ३,१९०. हातशिल्लक १०,३५०. मोकळी ५,२५०. उरले तीन दिवस, रोजचे १,७५०. फिरून बरोबर तिथंच, जिथून सुरुवात केली होती.

दिवस पाचवा, बुधवार : बदामी–गदग–होसपेट–हंपी

बेत असा होता: बदामी ते गदग रेल्वेनं दीड तास, गदगला चाळीस मिनिटांत दुसरी गाडी, होसपेट. आमची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली आणि पुढची डोळ्यांसमोर नव्हतीच, गेलेली. जोडगाडीला चाळीस मिनिटं ठेवणं ही माझी चूक. दोन वेगळी तिकिटं असली की दुसरी गाडी आपल्यासाठी थांबत नाही, आणि ते तिकीट वाया जातं. सुदैवानं पुढचं साधं तिकीट गदगलाच काढायचं होतं, म्हणून पैसे बुडले नाहीत.

बसनं गेलो, कोप्पळवरून, अडीच तास, २६०. होसपेट ते हंपी तेरा किलोमीटर. दिवसा लोकल बस मिळते, पण अंधार पडत आलेला, सामान, आणि आईचे गुडघे. रिक्षा ३५०.

पूर्वी हंपीला येणारे बरेच जण नदीपलीकडे विरुपापूर गड्डीत स्वस्तात राहायचे. तिथली हॉटेलं २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर पाडली. जुन्या ब्लॉगांवर त्यांचे भाव अजून दिसतात, त्यावर बजेट करू नका. आम्ही विरूपाक्ष मंदिराजवळच्या गावातल्या घरात राहिलो, रात्रीचे १,८००. खोली लहान, गच्ची मोठी. गच्चीवरून गोपुर आणि पलीकडे दगडांचे ढीग.

खर्च १,५८०, शिवाय मुक्कामाचे २,६०० दिले. हातशिल्लक ६,१७०. मोकळी ३,६७०. आता देणं शून्य, नुसतं राखीव उरलं. आईनं वहीत त्या पानावर देण्याच्या रकान्याखाली दुहेरी रेघ मारली.

दिवस सहावा, गुरुवार : हंपी

रिक्षा दिवसाची १,२००. विठ्ठल मंदिर आणि लोटस महालाचा जनाना परिसर यांना एकच तिकीट चालतं, माणशी ४०, पण त्याच दिवशी. म्हणून ही दोन एका दिवसात करायची. विठ्ठल मंदिराशी गाड्या लांब थांबतात, शेवटचा टप्पा विजेच्या गाडीनं, तिचे दोघींचे ४०.

दगडी रथाशी पन्नासची नोट धरून फोटो काढणाऱ्यांची रांग होती. आई रथाकडे गेलीच नाही. गाभाऱ्यात गेली. गाभारा रिकामा. पंढरपूरचा विठोबा इथं आणला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी आपल्याकडची कथा. ती तिला लहानपणापासून पाठ. रिकाम्या चौथऱ्याला तिनं हात लावला, कपाळाला लावला आणि बाहेर येऊन म्हणाली, "चला, घरी पोचलाय तो. बरं झालं."

हंपीत जेवण महाग. नाश्ता, दोन जेवणं, शहाळी मिळून ७५०.

खर्च २,०७०. हातशिल्लक ४,१००. मोकळी १,६००.

दिवस सातवा, शुक्रवार : होसपेट–हुबळी–पुणे

सकाळी विरूपाक्ष मंदिर, मग लोकल बसनं होसपेट (५०), तिथून रेल्वेनं हुबळी, तीन तास, १७०.

हुबळीच्या वाटेत तिकिटाची स्थिती पाहिली. वेटिंग तीन आणि चार. तक्ता लागला तेव्हाही तेच. मोबाईलवर काढलेलं तिकीट वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. पैसे परत येतात, माणशी साठ रुपये, त्यावरचा कर आणि ऑनलाइन तिकिटाचं सुविधा शुल्क कापून, पण काही दिवसांनी. म्हणजे १,९६० खर्चात लिहिलेले होते ते आता 'येणे' झाले, आणि हातात मात्र नव्हते. रेल्वेत ज्येष्ठांची तिकीट सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आईच्या वयाचाही उपयोग नव्हता.

रात्रीच्या स्लीपर बसचे दोन बर्थ २,३०० ला. मोकळ्या शिल्लकेत तेव्हा हजारसुद्धा नव्हते. आईनं पर्समधून 'राखीव' लिहिलेलं पाकीट काढलं, खिडकीतल्या माणसासमोर पाचशेच्या नोटा दोनदा मोजल्या, आणि रिकाम्या झालेल्या पाकिटात उरलेले दोनशे परत घालून ते नीट घडी केलं. वेटिंग लिस्टवरचं तिकीट म्हणजे अर्धा खर्च आणि अर्धं येणं, त्यासमोर राखीव पैसा बसच्या पूर्ण भाड्याएवढा हवाच. तिनं २,५०० कसे काढले होते ते तेव्हा विचारलं. म्हणाली, "तू तिकीट काढलंस तेव्हाच बसचं भाडं बघितलं होतं."

बस रात्री नवाला निघाली, सहाला पुण्यात. रिक्षा २००.

दिवसाचा खर्च ३,४८०, पुण्यातली रिक्षा धरून. हातशिल्लक ६२०. वहीत तिच्या खाली: येणे, रेल्वे परतावा.

मंगळवारी १,७९९ खात्यात आले. आईला फोन केला. तिनं वही उघडल्याचा आवाज आला, मग पेनाचा. "चोवीसशे एकोणीस उरले," म्हणाली, आणि जरा थांबून, "खणाचे सातशे किरकोळमध्ये लिहिलेत, ते खोडून खरेदीत घेते."